चालणारा चुना

सोपानने आयुष्यात ज्यांना ज्यांना मारलं, त्यांत शेवटचा नंबर माझा. त्याआधीच्या माणसांची यादी मोठी आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी मार खायचंच काम केलं होतं, असं मी अजूनही म्हणेन. माझं काय ते तुम्ही ठरवा.

सोपान आमच्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. काचपट्ट्या धुणं, जंतू वाढवायची माध्यमं शिजवणं, वापरून झालेले जंतू ऑटोक्लेव्हच्या वाफेत मारून फेकणं, ही त्याची कामं. पेठच्या वरच्या अंगाला, सातगाव पठारावरच्या एका वाडीचा. वाडीच्या कडेला बौद्ध वस्ती, तिथे त्याचं दोन खोल्यांचं घर. छप्पन्न वर्षांचा गडी, पण मनगट अजून असं की वाळून घट्ट बसलेलं बाटलीचं बूच माझ्याकडून निघालं नाही तर मी गुपचूप त्याच्याकडे सरकवतो.

तरुणपणी तो फार वाईट मारायचा. सतराव्या वर्षी, त्याच्या आईला विहिरीवरून हाकलणाऱ्या माणसाचे दोन दात त्याने पाडले. पुढे एस. टी. स्टँडवर एकाचा हात मोडला. कॉलेजात लागल्यावरही सुटलं नाही. एका पोराने चेष्टेत जळता बर्नर मुलींच्या बाकाकडे फिरवला, तर सोपानने अशी कानाखाली वाजवली की पोराच्या कानाचा पडदा फाटला. नोकरी जाता जाता राहिली. त्या दिवशी त्याने माझ्यासमोर हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत, आणि म्हणाला, "सर, आता न्हाई. आता कुणावरच न्हाई." याला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं त्याने तो शब्द पाळला.

त्याच्या हाताची दुसरी कमाल दर जुलैत दिसायची. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी एक प्रयोग दाखवतो: जंतू इतके बारीक का असतात? त्यासाठी बटाटे लागतात. पठारावरचे चांगले टणक बटाटे सोपान घरून आणायचा आणि पट्टी न लावता त्याचे चौकोनी ठोकळे कापायचा. एक तीन सेंटिमीटरचा, एक एक सेंटिमीटरचा, आणि एक ज्वारीच्या दाण्याएवढा. मी मोजून बघायचो, माझीच खोड म्हणून. चूक कधी निघाली नाही. मग ते आयोडीनच्या पाण्यात टाकायचे आणि दुपारी मधोमध कापायचे. आयोडीन बटाट्याला काळंनिळं करतं. तिन्ही ठोकळ्यांत ते सारखंच आत शिरलेलं असतं, दीड-दोन मिलिमीटर. पण तेवढ्यात दाणा आरपार काळा होतो आणि मोठ्या ठोकळ्याला नुसती काळी किनार येते, आतला गर पांढराच.

"बघा," मी पोरांना सांगायचो, "एक सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर आणि आकारमान एक घन सेंटिमीटर. बाजू तिप्पट केली की पृष्ठभाग होतो चोपन्न, पण आकारमान होतं सत्तावीस. म्हणजे एका घासामागे सहा दारं होती, ती दोनच उरली. जंतूला तोंड नाही, रक्त नाही. अन्न, प्राणवायू, जे काय हवं ते अंगावरच्या त्वचेतून झिरपतच आत येणार. तो फुगला तर मधला भाग उपाशी मरेल. म्हणून जंतू एक-दोन मायक्रोमीटरचा असतो, एका मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना दिसेल असा जंतू असूच शकत नाही."

शेवटचं वाक्य मी टेबलावर बोट आपटून म्हणायचो. ते चूक आहे हे मला माहीत होतं. समुद्राच्या गाळातले केसाएवढे जाड, अगदी पापणीच्या केसाएवढे लांब जंतू सापडल्याचं मी वाचलं होतं. पण पहिल्या वर्षाच्या पोरांना अपवाद कशाला सांगायचे? आणि अपवाद आपल्या ओढ्यात थोडेच येणार आहेत! असा माझा विचार. आळसाला मी विचार म्हणत होतो.

गेल्या फेब्रुवारीत एका सोमवारी सकाळी दादाभाऊ आले. सोपानच्याच वाडीतले मोठे बागायतदार, पठारावर बटाटा आणि खाली आमच्या कॉलेजशेजारी द्राक्षाची बाग. माझी त्यांची जुनी ओळख. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, तळाला काळा गाळ आणि गाळावर पांढऱ्या कणांचा थर.

"सर, दोन गाई मेल्या राव माझ्या. ओढ्याचं पाणी प्यायल्या अन् तिसऱ्या दिवशी आडव्या. ह्ये पांढरं काय हाय तेवढं सांगा. कुणीतरी औषध ओतलंय."

मी बाटली हलवली. गाळ वर उठला, पांढरे कण मात्र वाळूसारखे झटकन खाली बसले. साध्या डोळ्यांना दिसत होते, रव्याहून बारीक, पण दिसत होते. जंतू नाहीत, हे मी तिथेच ठरवून टाकलं. डोळ्यांना दिसतात म्हणजे जंतू नाहीतच.

तरी सूक्ष्मदर्शक लावला. माझी तीस वर्षांची सवय अशी की जंतू म्हटले की सरळ तेलाचा थेंब टाकायचा आणि सगळ्यात मोठं भिंग खाली आणायचं. भिंग काचेला टेकलं, थेंबातले कण चिरडले, आणि मला दिसले नुसते पांढरे खडे आणि चकचकीत बारीक थेंब. काचपट्टीवर आम्लाचा थेंब सोडला, खडे फसफसून विरले. म्हणजे चुनखडी. चिमूटभर पूड बर्नरवर धरली, नाकाला झोंबणारा वास आला. म्हणजे गंधक. मी खूश झालो. दहा मिनिटांत निकाल! चुना-गंधकाचं मिश्रण द्राक्षावर बुरशीसाठी मारतात, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

दादाभाऊंनी कागद मागितला. मी विभागाच्या कोऱ्या कागदावर लिहून दिलं: "नमुन्यात चुना व गंधक यांचे कण आढळले. जिवाणू आढळले नाहीत." सही, तारीख, शिक्का.

"औषध मारणारा आमच्याकडं एकच," दादाभाऊ कागदाची घडी घालत म्हणाले. ते कुणाबद्दल बोलत होते हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, की बागांवर रोजंदारीने फवारे मारणारा तो एकच पोरगा म्हणजे रत्नदीप, सोपानच्या बहिणीचा, यशोधराबाईंचा मुलगा. तेवीस वर्षांचा.

दुपारी जेवण उरकून मी डुलकी काढत होतो. सोपानने दार वाजवलं. त्याचा चेहरा कधी न पाहिलेला.

"सर, चुना चालतोय."

"काय?"

"त्यो सकाळचा चुना. पट्टी धुवायच्या आधी मी पयल्या भिंगाखाली बघतो, काय ऱ्हायलंय का ते. बाटलीतला एक थेंब घेतला, वर काच ठेवली न्हाई. तर त्ये खडे एकेका पिशवीत हायेत. अन् पिशव्या सरकतायत. हळूच, लोळत लोळत."

मी हसलो. "सोपान, एवढा मोठा जंतू असतो का? बटाटा कापायला तूच बसतोस ना? मधला भाग उपाशी मरेल."

"मरंल की, मधी भाग असंल तर," तो म्हणाला. "आपल्या पठारावर पाऊस जास्त झाला की मोठा बटाटा आतून पोकळ निघतो. त्यो आयोडीनमधी टाकला तर मधी उपाशी ऱ्हायला गर हायेच कुठं? ह्यांच्या पोटात बी गर न्हाई सर, धोंडे हायेत. जीव नुसता कडंला अन् धोंड्यांच्या फटीत."

मी उठून गेलो. लहान भिंगाखाली लांबट, गुबगुबीत पिशव्या, एकेक जवळजवळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. प्रत्येकीत चुनखडीचे मोठाले खडे ठासून भरलेले आणि त्यांच्या मधल्या बोळांतून गंधकाचे थेंब चमकणारे. एक पिशवी कमरेत आवळली गेली होती. तिची दोन होत होती. औषधाची पूड काही दोनाची चार होत नाही. या जंतूबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं, गोड्या पाण्याच्या गाळात राहणारा राक्षस. कुजक्या गाळातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो, त्यावर हा जगतो आणि गंधक अंगात साठवतो. तो वाढायलाही सावकाश. एका रात्रीत कुणी ओतला म्हणून थर बसत नाही. त्याला तळाशी वर्षानुवर्षं काहीतरी कुजत पडलेलं लागतं.

"वर बंधाऱ्यापाशी दादाभाऊ दरसाल नासका बटाटा टाकतात," सोपान म्हणाला. "टेम्पोच्या टेम्पो. तीन-चार वर्सं झाली." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, तुमी सकाळी काय लिवून दिलं?"

मी सांगितलं. त्याच वेळी त्याचा फोन वाजला. यशोधराबाईंचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू आला. "दादा, त्याला मारत्यात रं, लई मारत्यात."

माझ्या गाडीने आम्ही वीस मिनिटांत वाडीवर पोचलो. एक साधा आरशाचा सूक्ष्मदर्शक, ज्याला वीज लागत नाही, सोपानने मांडीवर धरला होता, दुसऱ्या हातात बाटली. वाटेत तो एकदाच बोलला, "पोलिसांना सांगितलंय म्हनली."

दादाभाऊंच्या बटाट्याच्या शेडपुढे चाळीसेक माणसं होती. रत्नदीपला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे हात बांधून उभा केला होता. खरं तर तो उभा नव्हताच, दोरीने लटकला होता. अंगावर पी. व्ही. सी. पाइपाचे वळ, शर्ट फाटलेला, डाव्या हाताची दोन बोटं उलटी वळलेली. ओठ फाटून दातावरून रक्त हनुवटीवर. दादाभाऊंच्या पुतण्याच्या हातात माझा कागद होता. तो मोठ्याने वाचत होता आणि प्रत्येक शब्दामागे एक फटका पडत होता. "चुना!" फटका. "गंधक!" फटका. "तुमच्या आळीला आमच्या पाण्याची काय पोटदुखी रं?" मग त्याने शेडच्या भिंतीला मारायला आणलेल्या चुन्याच्या बादलीत हात घातला आणि मूठभर ओला चुना रत्नदीपच्या तोंडावर चोळला. डोळ्यांत, नाकात. "ओढ्यात टाकतोस ना? घे, तूच खा."

रत्नदीपच्या गळ्यातून आलेला आवाज माणसाचा नव्हता. तो आवाज मी विसरलेलो नाही.

मला वाटलं, आता सोपान कुणाचा तरी जीव घेणार. सूक्ष्मदर्शक आणि बाटली माझ्या हातात कोंबून तो धावला तसे दोघे मागे सरकले, गावात त्याचं नाव जुनं होतं. पण तो पुतण्याकडे गेलाच नाही. दातांनी दोरीची गाठ सोडली, पोराला उचललं आणि शेडच्या टाकीखाली नेऊन त्याचं डोकं नळाखाली धरलं. दोन बोटांनी पापणी फाकवली आणि धार सरळ डोळ्यात सोडली. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर पाटी आहे: डोळ्यात क्षार गेल्यास पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. ती पाटी त्यानेच रंगवली आहे.

चार माणसं त्याच्या पाठीवर तुटून पडली. पहिल्या फटक्याला मी डोळे मिटले. पाइप त्याच्या खांद्यावर फुटला, तर कुणीतरी टिकावाचा दांडा आणला. तो बरगड्यांत बसला, मग कानावर. रक्त मानेवरून शर्टात उतरलं. सोपान हलला नाही. एका हाताने पोराचं डोकं, दुसऱ्या हाताने पापणी. "डावा झाला, आता उजवा. उघड बाळा, उघड," एवढंच तो बोलत होता. हात मोकळे सोडले असते तर त्या चार जणांना त्याने आडवं केलं असतं. हात मोकळे नव्हते.

आणि मी? मी ट्रॉलीच्या फळीवर सूक्ष्मदर्शक मांडत होतो. आरसा उन्हाकडे वळवला, थेंब ठेवला आणि ओरडलो, "दादाभाऊ, थांबवा! माझा कागद चुकला! हे औषध नाही, जंतू आहेत, येऊन बघा!"

दादाभाऊ आले. वाकून बघितलं. दिसलं त्यांना, मी शपथेवर सांगतो, त्यांचा श्वास एक क्षण थांबला. मी म्हणालो, "कुजका बटाटा वर बंधाऱ्यापाशी टाकता ना, त्यावर हे वाढलेत. तीन-चार वर्षं लागतात याला. या पोराचा काही संबंध नाही."

ते सरळ झाले. मागे चाळीस माणसं बघत होती. "सर," ते म्हणाले, "तुमीच पोरास्नी शिकवता, जंतू डोळ्यांनी दिसत न्हाई. माझी पोरगी तुमच्याच वर्गात व्हती. सकाळी एक लिवता, दुपारी दुसरं बोलता. कुणी धमकावलं तुमाला?" आणि त्यांनी पायाने फळी उडवली. सूक्ष्मदर्शक दगडावर आपटला, नळी वाकली, भिंग फुटलं. बाटली कलंडून गाळ मातीत गेला.

नंतरचा मार मी मोजलेला नाही. दोन मलाही पडल्या, त्यांची तक्रार नाही. पोलिसांची गाडी आली तेव्हा सोपान अजून नळाखालीच बसलेला होता आणि पाणी चालू होतं.

मंचरच्या दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा वाचला. वेळेवर धुतला म्हणून वाचला. उजव्यात चुना खोल गेला होता, तो डोळा गेला. यशोधराबाई भिंतीला धरून खाली बसल्या.

सोपानच्या कानाला सात टाके घातले होते, बरगड्यांवर पट्टा. तो व्हरांड्यात बाकावर बसला होता. मी शेजारी बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडातून जे निघालं ते आठवलं की अजून लाज वाटते. मी म्हणालो, "सोपान, एक आहे. मी लिहिलं त्यात तसं खोटं काही नव्हतं. चुनखडी होती, गंधकही होतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. सावकाश उठला, बरगड्या धरून. आणि एक ठेवून दिली.

मी बाकावरून खाली आलो. डोळ्यांपुढे काजवे, डाव्या कानात शिट्टी. नर्स धावत आली. सोपान म्हणाला, "काय न्हाई बाई, सर पडले." मग माझ्याकडे वाकून, हळू आवाजात, "धोंडे दिसले सर तुमाला. ज्याच्या पोटात व्हते, त्यो न्हाई दिसला."

रात्र व्हायच्या आत मी पोलीस ठाण्यात गेलो. सुजलेल्या गालाने जबाब लिहून दिला: सकाळचा अहवाल माझ्या चुकीने दिला गेला, नमुना योग्य भिंगाखाली बघितला नाही, कण जिवंत जंतूंचे होते, चुना आणि गंधक त्यांच्या शरीरातच तयार झालेले होते, कुणी ते ओतल्याचा पुरावा नाही. फौजदाराने विचारलं, गालाला काय झालं? मी म्हणालो, पडलो. पुढच्या दहा दिवसांत दादाभाऊंची माणसं घरी चारदा येऊन गेली. पहिला कागदच खरा म्हणा, एवढंच म्हणायचं होतं त्यांना. एकदा खिडकीची काच फुटली. गाईंच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला, त्यांच्या पोटात गुरांना विष ठरणारे हिरवट, मोड आलेले नासके बटाटे सापडले. बंधाऱ्यावरून खाल्लेले. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, पुतण्या आत गेला, दादाभाऊ जामिनावर आहेत. खटला चालू आहे. माझी साक्ष व्हायची आहे आणि दादाभाऊंचा वकील मला काय विचारणार ते मला ठाऊक आहे: तुम्ही वर्गात काय शिकवता?

जुलै आला. मला वाटलं, यंदा सोपान बटाटे आणणार नाही. आणले. कान वाकडा झालाय, उजव्या बाजूने कमी ऐकू येतं, खांदा वर जात नाही. तरी तीन सेंटिमीटरचा, एक सेंटिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी पट्टी लावली नाही.

दुपारी ठोकळे कापले. पोरांनी काळी किनार बघितली, दारं मोजली. मग सोपानने न विचारता चौथा बटाटा ट्रेमध्ये ठेवला, भलामोठा, आणि मधोमध चिरला. आत मुठीएवढी पोकळी, आणि भोवती बोटभर गर.

एका मुलीने विचारलं, "सर, हा कशाला?"

मी टेबलावर बोट आपटलं नाही. रत्नदीप तेव्हा दाराशी उभा होता, डॉक्टरांकडे न्यायला मामाची वाट बघत, काळा चष्मा लावून. मी पोरांना म्हणालो, "जंतू डोळ्यांना दिसत नाही, असं मी तीस वर्षं शिकवलं. ते चूक होतं. लिहून घ्या." आणि त्यांनी वह्या उघडल्या.